फील्ड साईट हातची गेली, आता गाईडला नव्या विषयाचा मेल कसा लिहायचा?

प्रश्न: "पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे. एका हॉस्पिटलच्या दोन वॉर्डांत चार महिने बसून शिफ्ट बदलताना नर्सेस एकमेकींना पेशंटची माहिती कशी देतात ते बघणार होते. एथिक्स कमिटीची मंजुरी मिळाली होती, वॉर्डात दोनदा जाऊन थोड्या नोट्सही काढल्या होत्या. आता तिथलं मॅनेजमेंट बदललं आणि नव्या लोकांनी नाही म्हटलं. मॅडमना नवीन विषय सुचवणारा मेल लिहायचाय, तीन ड्राफ्ट खोडून झाले. नेमकं काय लिहू? माफी मागू का?"

माफी नको. साईट जाणं हा तुमचा गुन्हा नाही, आणि माफीने सुरू होणारा मेल वाचणाऱ्याला आधी तुमचं सांत्वन करायला लावतो, कामाचं नंतर. मी बरीच वर्षं गाईड म्हणून काम करतोय, असे मेल नऊ-दहा तरी आले असतील मला, त्यामुळे ते वाचताना पलीकडच्या माणसाच्या डोक्यात काय चालतं तेवढं सांगू शकतो.

तुमचे ड्राफ्ट खोडले जातायत कारण तुम्ही "नवीन विषय" लिहायला बसताय. मॅडमना त्या क्षणी नवीन विषय नकोच असतो. त्यांना तीन गोष्टी कळायला हव्या असतात: साईट खरंच गेली की नुसती अडकलीये, दोन वर्षांच्या कामातलं काय शिल्लक राहतं, आणि आता त्यांनी नेमकं कशाला हो किंवा नाही म्हणायचं. या तिन्हींची उत्तरं मेलमध्ये असली की विषय आपोआप त्यात येतो. ती नसली तर विषय कितीही भारी असो, उत्तर येतं "भेटून बोलू", आणि भेटीत तुम्ही परत पहिल्या पायरीवर.

मी स्वतः विद्यार्थी असताना हेच केलं होतं. एका कारखान्यात फील्डवर्क ठरलं होतं, तिथे कामगार आणि मालकांचं काहीतरी बिनसलं आणि बाहेरच्या माणसाला गेटवरच थांबवायला लागले. मी घाबरून सरांना चार पानी मेल लिहिला, त्यात पाच नवे विषय, प्रत्येकाला एक परिच्छेद, म्हटलं जितके पर्याय तितकं बरं. सरांचं उत्तर एका ओळीचं: "यातला तुझा कुठला?" तेव्हा राग आला होता, आता कळतं की पाच विषय पाठवले म्हणजे निवडायचं काम मी त्यांच्या गळ्यात टाकलं होतं.

आता मेल लिहायच्या आधीचं एक काम. "नाही" म्हणजे नेमकं कुठलं नाही ते बघा. एक असतं कायमचं नाही. एक असतं आत्ता नाही, म्हणजे नवे लोक आलेत, त्यांना जुन्याच्या सह्यांवर काही चालू द्यायचं नाहीये, सहा महिन्यांनी बघू म्हणतील. आणि एक असतं या दाराने नाही, म्हणजे बेडजवळ बसू देणार नाहीत पण नर्सेसशी बोलायला हरकत नसेल. तिन्हींची पुढची वाट वेगळी आहे आणि फोनवरच्या "सध्या शक्य नाही" वरून यातलं काहीच कळत नाही. म्हणून त्यांना एक छोटं पत्र पाठवा, "आपला निर्णय समजला, माझ्या रेकॉर्डसाठी तो लेखी कळवाल का आणि तो निरीक्षणापुरता आहे की एकूणच अभ्यासाला आहे तेवढं सांगाल का." भांडण नाही, विनवणी नाही. उत्तर आलं तर मेलला जोडा, आठवड्यात नाही आलं तर "लेखी विचारलंय, उत्तर नाही" असं लिहा. पण त्या उत्तरासाठी महिनाभर थांबू नका. माझी एक विद्यार्थिनी अडीच महिने गप्प बसली होती, आज होईल उद्या होईल म्हणत, आणि मला कळलं तेव्हा साईटपेक्षा ते अडीच महिनेच जास्त महाग पडले.

आता मुख्य गोष्ट, इथे जरा वेळ घेतो कारण बहुतेक मेल इथेच फसतात. तुमचा मूळ प्रश्न असा होता: शिफ्ट बदलताना नर्सेस कुठली माहिती कशी देतात आणि काय राहून जातं. हा प्रश्न निरीक्षणाचा आहे. बघितल्याशिवाय त्याचं उत्तर मिळत नाही, कारण काय राहून गेलं ते ज्याच्याकडून राहून गेलं त्याला माहीतच नसतं ना! साईट गेल्यावर विद्यार्थी सर्रास काय करतात, तर प्रश्न तोच ठेवतात आणि पद्धत बदलतात, "निरीक्षणाऐवजी २० मुलाखती घेईन." कागदावर बदल छोटा दिसतो म्हणून सुरक्षित वाटतो, पण मुलाखतीत माणूस काय करतो ते कळत नाही, आपण काय करतो असं तो सांगतो तेवढं कळतं. नर्सला विचारलं "हँडओव्हरमध्ये काय काय सांगता?" तर ती ट्रेनिंगमध्ये शिकवलेला क्रम सांगेल, परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन, शिफारस, ते एसबार की काय म्हणतात ते, अगदी पाठ केल्यासारखं. खोटं नाही बोलत ती, तुमचा प्रश्नच तसा होता. आणि तीन वर्षांनी व्हायव्हाला परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारणार की प्रत्यक्ष काय घडतं हे तुम्हाला कसं माहीत.

म्हणून उलटीकडून या. आता कुठला डेटा हातात येऊ शकतो? नर्सेसच्या आठवणी, त्यांचे निर्णय, त्यांची कारणं. मग या डेटाला पेलेल असा प्रश्न कुठला? उदाहरणार्थ: शिफ्ट घेताना मिळालेल्या माहितीतल्या कशावर नर्सेस सरळ विश्वास ठेवतात, काय स्वतः जाऊन परत तपासतात, आणि त्यामागे काय कारणं सांगतात. बघा, विषय अजून हँडओव्हरच आहे, वाचन सगळं वापरता येतं, पण आता हा प्रश्न मुलाखतीचाच आहे. विश्वास ठेवायचा की तपासायचं हा निर्णय नर्सच्या डोक्यात होतो, तो तुम्हाला वॉर्डात कोपऱ्यात बसूनही नीट दिसला नसता, फार तर ती सलाईनकडे परत वळून बघताना दिसली असती, का वळली ते विचारावंच लागलं असतं. म्हणजे या एका बाबतीत नवा प्रश्न जुन्यापेक्षा कमजोर नाही, वेगळा आहे. हे वाक्य मेलमध्ये यायला पाहिजे, तुमच्या शब्दांत.

मुलाखतीत "साधारणपणे काय करता" विचारायचं नाही हेही ओघाने आलं. "गेल्या वेळी शिफ्ट घेतल्यावर काहीतरी परत तपासलंत असं आठवतंय का, कुठला पेशंट होता, काय सांगितलं गेलं होतं, खटकलं कशामुळे" असं एका प्रसंगाला धरून विचारायचं. फ्लॅनॅगनने १९५४ मध्ये मांडलेली क्रिटिकल इन्सिडंट पद्धत साधारण हीच, नर्सिंगच्या अभ्यासात ती भरपूर वापरली गेलीये, त्यामुळे मॅडमना ती नव्याने पटवावी लागणार नाही.

साईट बंद म्हणजे अभ्यास बंद असं नसतं याचं मला आवडणारं उदाहरण म्हणजे मानवशास्त्रज्ञ ह्यू गस्टरसन. १९८० च्या दशकात त्याला अमेरिकेतल्या लिव्हरमोरच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांचा अभ्यास करायचा होता, आत मोकळेपणाने फिरू देणं शक्यच नव्हतं. तो त्या गावात राहिला, शास्त्रज्ञांना त्यांच्या घरी, चर्चमध्ये, इकडेतिकडे भेटला, अण्वस्त्रविरोधी कार्यकर्त्यांशीही बोलला. पण नीट बघा, त्याने "प्रयोगशाळेत रोज काय चालतं" असा दावा केला नाही. माणसं या कामात कशी रुळतात, त्याकडे कसं बघतात, हा प्रश्न धरला, जो बाहेरून विचारता येतो. मेलमध्ये त्याचं नाव टाका असं नाही म्हणत, उगाच नाव टाकल्यासारखं वाटेल. डोक्यात असू द्या.

एक सापळा मात्र सांगून ठेवतो कारण तो फार मोहात पाडणारा आहे. त्याच हॉस्पिटलच्या ओळखीच्या झालेल्या नर्सेसना बाहेर भेटून मुलाखती घ्यायच्या, मॅनेजमेंटला कळतंय कुठे! नका करू. संस्थेने नाही म्हटल्यावर तिच्या लोकांशी मागच्या दाराने बोललात तर धोका तुम्हाला कमी आणि त्यांना जास्त, नोकरी त्यांची आहे. दोनच वॉर्ड, त्यातल्या मोजक्या नर्सेस, नावं बदलली तरी वाचणारे ओळखतील. नर्सेस वेगवेगळ्या चार-पाच ठिकाणच्या घ्या, त्यांच्या संघटनेमार्फत किंवा ओळखीतून ओळख काढत, आणि कुठल्याही एका हॉस्पिटलबद्दल दावा करायचा नाही असं आधीच ठरवा. त्याचा तोटाही आहे, एका ठिकाणची पद्धत खोलात समजणार नाही. तो तोटा मेलमध्ये लिहा. लपवलेला तोटा गाईडला दोन मिनिटांत दिसतो, आणि मग त्या बाकीचं सगळंही संशयाने वाचायला लागतात.

एथिक्स कमिटीचं दोन वाक्यांत. प्रश्न, माणसं आणि जागा तिन्ही बदलली की जुनी मंजुरी तशीच चालत नाही, काही कमिट्या दुरुस्ती म्हणून घेतात, काही नवा अर्ज मागतात, हे तुमच्या कमिटीच्या ऑफिसात आधीच विचारा आणि मंजुरी येईपर्यंत एकाही नर्सला "मुलाखत द्याल का" म्हणून विचारू नका. त्या दोन भेटींच्या नोट्सचंही तेच, त्या मॅनेजमेंटच्या परवानगीवर काढलेल्या होत्या, ती परवानगी मागे गेलीये, तेव्हा वापरायच्या का हे स्वतः ठरवू नका, मॅडमना विचारा. माझं मत विचाराल तर डेटा म्हणून नको, मुलाखतीचे प्रश्न तयार करायला तुमच्या डोक्यात जे बसलंय तेवढं पुरे.

आणि वेळेचा हिशोब करा, अंदाजाने नको, खरंच वही घेऊन. समजा १८ नर्सेस, प्रत्येकी ५० मिनिटं, म्हणजे १५ तासांचं रेकॉर्डिंग. एक तास ऐकून नीट उतरवायला पाच-सहा तास सहज जातात, म्हणजे ७५ ते ९० तास नुसतं टायपिंग. आठवड्याला दोन मुलाखती धरल्या तर ९ आठवडे, उतरवणं मागोमाग चालू राहतं पण ते संपायला अजून ४ लागतील, मंजुरीचे ६ धरा, आणि नर्सेसच्या ड्युट्या ऐनवेळी बदलतात म्हणून ४ हाताशी ठेवा. झाले २३ आठवडे. जुन्या प्लॅनमध्ये चार महिने म्हणजे १७ होते. वर्ष वाया गेलं म्हणून झोप उडालीये आणि वहीत फरक सहा आठवड्यांचा निघतो! मंजुरीला किती लागतात यावर हे सगळं अवलंबून आहे, ते ६ तुमच्याकडे १२ असतील तर आकडा तसा बदला.

आता मेल. मी लिहिला असता तर साधारण असा:

> विषय: हॉस्पिटलची परवानगी रद्द, संशोधन प्रश्नात बदलाचा प्रस्ताव, आपला निर्णय हवा आहे
>
> मॅडम, नमस्कार.
>
> हॉस्पिटलच्या नव्या व्यवस्थापनाने वॉर्डातल्या निरीक्षणाला ४ तारखेला नकार दिला. हा नकार पूर्ण अभ्यासाला आहे का ते मी लेखी विचारलं आहे, अजून उत्तर नाही. तिथे परत प्रवेश मिळेल असं धरून पुढचं ठरवू नये असं मला वाटतं.
>
> माझा प्रस्ताव: विषय हँडओव्हरच ठेवून प्रश्न बदलावा. नवा प्रश्न असा: शिफ्ट घेताना मिळालेल्या कुठल्या माहितीवर नर्सेस विश्वास ठेवतात, काय परत तपासतात, आणि त्याची काय कारणं सांगतात? हा निर्णय नर्सच्या मनात होतो, तो निरीक्षणातूनही नीट दिसला नसता, म्हणून या बाबतीत नवा प्रश्न जुन्यापेक्षा कमजोर नाही, वेगळा आहे. वेगवेगळ्या चार-पाच हॉस्पिटलमधल्या १८ नर्सेसच्या, प्रत्यक्ष घडलेल्या प्रसंगांवर आधारित मुलाखती घ्याव्यात. या हॉस्पिटलच्या नर्सेस घेणार नाही.
>
> साहित्याचा आढावा आणि त्यातली मांडणी बहुतांश तशीच राहते. पद्धतीचं प्रकरण नव्याने लिहावं लागेल. प्रत्यक्षात काय सांगितलं जातं आणि काय राहतं हे मात्र या डेटावरून म्हणता येणार नाही, तो दावा सोडावा लागेल.
>
> एथिक्स कमिटीच्या ऑफिसने नवा अर्ज लागेल असं सांगितलं आहे. मंजुरीला सहा आठवडे धरून डेटा २३ आठवड्यांत पूर्ण होईल, आधीपेक्षा साधारण सहा आठवडे उशिरा.
>
> हे नाही पटलं तर दुसरा पर्याय: हॉस्पिटलांचे हँडओव्हरचे कोरे फॉर्म आणि लेखी नियमावल्या गोळा करून त्यांचा अभ्यास. तो लवकर होईल, पण नर्सेसचा आवाज त्यात राहणार नाही, म्हणून माझी पसंती पहिल्याला आहे.
>
> दोन गोष्टींवर आपला निर्णय हवा आहे: या प्रश्नावर मी अर्ज तयार करायला घेऊ का, आणि वॉर्डातल्या दोन भेटींच्या नोट्स बाजूला ठेवू का. पुढच्या आठवड्यात अर्धा तास मिळाला तर येते. एका पानाचा आराखडा आणि मुलाखतीचे प्रश्न जोडले आहेत.

यात काय नाहीये ते बघा. मॅनेजमेंट कसं बदललं, कोण काय बोललं, तुम्ही किती वेळा चकरा मारल्या, यातलं काही नाही, नकाराला तीन वाक्यं दिली आणि पुढे गेलो. पहिल्या ड्राफ्टमध्ये ती कहाणी लिहावीशी वाटेलच, लिहा आणि स्वतःकडे ठेवा, पद्धतीच्या प्रकरणात प्रवेश का मिळाला नाही हे सांगायला ती लागणार आहे, तारखांसकट.

दुसरं, "हा दावा सोडावा लागेल" हे वाक्य. विद्यार्थी ते गाळतात कारण आपल्याच हाताने आपलं काम लहान केल्यासारखं वाटतं. गाईड म्हणून सांगतो, मी मेलमध्ये आधी तेच वाक्य शोधतो. ते असलं की कळतं याने विचार केलाय, नसलं की कळतं मुलाखत आणि निरीक्षण यातला फरक मलाच समजावून सांगायला लागणार.

दुसरा पर्याय एकच, आणि आपली पसंती कुठली ते उघड सांगितलेलं. पर्याय अजिबातच नसेल तर हेका धरल्यासारखं वाटतं, तीन-चार असले तर माझ्या सरांची ती एक ओळ.

तुमच्या परिस्थितीनुसार काही गोष्टी बदलतील. स्कॉलरशिपची मुदत जवळ आली असेल तर ती तारीख वेळापत्रकाच्या परिच्छेदात टाका. ती साईट मॅडमनीच ओळखीतून मिळवून दिली असेल तर मेलच्या आधी एक फोन करा, स्वतःच्या ओळखीच्या माणसांनी नाही म्हटलं हे मेलमधून कळणं कुणालाच आवडत नाही. मॅडमना लांब मेल वाचायचा कंटाळा असेल तर मधले दोन परिच्छेद जोडलेल्या पानावर न्या, पण निर्णय मागणारा परिच्छेद मेलमध्येच राहू द्या. आणि प्रश्न इतका बदलला की संशोधन समितीची परत मान्यता लागते का, हा नियम प्रत्येक विद्यापीठाचा वेगळा, तो मॅडमना माहीत असेलच पण तुम्ही आधी बघून ठेवा.

उत्तर "अजून एकदा प्रयत्न करून बघ" असं आलं तर? येऊ शकतं, मीही दिलंय. वाद घालू नका, पण तारीख मागा: "महिनाअखेरपर्यंत प्रयत्न करते, तोवर नव्या प्रश्नाचा अर्ज लिहून ठेवू का?" अर्ज लिहायला कुणाची परवानगी लागत नाही, तो सादर करायला लागते. भेट झाली की त्याच दिवशी चार ओळींचा मेल टाका, काय ठरलं, कोण काय करणार, कधीपर्यंत. महिन्याभराने दोघांच्याही आठवणीत वेगवेगळं ठरलेलं असतं.

राहता राहिलं, हॉस्पिटलने तीन महिन्यांनी फोन करून "या आता" म्हटलं तर. असं होतं, माझ्या दोन विद्यार्थ्यांचं झालंय. एकीच्या पाच मुलाखती झाल्या होत्या, तिने सगळं सोडून परत वॉर्ड धरला आणि दुसऱ्या महिन्यात तिथली मेट्रन बदलली. दुसऱ्याने आधीच मला मेलमध्ये लिहून दिलं होतं की सहावी मुलाखत झाली की मागे फिरणार नाही, त्यामुळे फोन आला तेव्हा त्याने आभार मानून पुढच्या प्रोजेक्टसाठी परवानगी मागितली. तुमचा असा आकडा कुठला, ते मॅडमबरोबर त्या अर्ध्या तासातच ठरवून घ्या.